खाली न जाणारी मान

शिंपीमास्तरांच्या दुकानात मान धरणं ही काही बातमी नव्हती. दिवसभर मशीनवर ओणवं बसायचं म्हटल्यावर मान कुरकुरणारच. त्यासाठी कात्रीशेजारी मलमाची डबी कायमची ठेवलेली. म्हणून सकाळी लेक म्हणाली, "बाबा, मान ताठलीय," तेव्हा त्यांनी कापडावरची नजरही न काढता डबी पुढे सरकवली.

"आता झालीस खरी शिंपीण."

ती हसली नाही. दुपारपर्यंत ती तापाने फणफणली. डोकं ठणकत होतं, एकदा उलटीही झाली.

"अहो, दवाखान्यात नेऊ या," काजं करता करता आई म्हणाली.

"गोळी दिलीय ना? हवा बदललीय. आणि मान तर धंद्याचीच. उद्या बघू."

"तुमचं उद्या म्हणजे गिऱ्हाइकांना सांगता तेच ना?"

टोमणा वर्मी लागला. मास्तरांनी मशीनचं चाक जोरात फिरवलं.

लेक खिडकीकडे पाठ करून बसली होती. उजेड सोसत नाही म्हणे. तिच्या हातातली सुई मांडीवर पडली, तशी ती समोर बघतच चाचपडू लागली.

"खाली बघ की."

"मान खाली जातच नाही, बाबा."

मास्तरांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. त्यांची स्वतःची मान दुखायची ती वर करताना. खाली घालायला त्या मानेची कधी तक्रार नव्हती. खाली बघूनच तर पोट भरत होतं. ही मान धंद्याची नव्हे.

"दुकान बंद कर," ते बायकोला म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीला उताणं झोपवून डोक्याखाली हात घातला. मान वाकेना, उलट गुडघेच वर आले. बाईंनी लगेच रक्त काढून घेतलं आणि शिरेतून औषध सुरू केलं.

"ताप, डोकेदुखी आणि ताठ मान एकत्र आली, की मेंदूच्या आवरणाला सूज असेल असं धरूनच चालायचं," त्या म्हणाल्या. "पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं की नक्की कळेल. पण औषध त्यासाठी थांबत नाही."

"उद्या आणली असती तर?" मास्तरांनी विचारलं.

"कान गेले असते कदाचित. कदाचित जीवही. आज आणलीत ना?"

पाण्याच्या तपासणीत तेच निघालं. लागण होऊ नये म्हणून आईबाबांनाही खबरदारीचं औषध घ्यावं लागलं. मास्तर खाटेशेजारी बसून राहिले. बसल्या बसल्या चादरीची उसवलेली कड बोटांनी दुमडत राहिले. हळूहळू ताप उतरला, पण ऐकण्याची तपासणी बाकी आहे, असं बाईंनी सांगितल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी लेक उठून बसली आणि हनुवटी छातीला टेकवून तीच कड बघू लागली. मास्तर हळूच तिच्या पाठीमागे गेले आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "शिंपीणबाई."

ती वळली नाही.

त्यांनी घसा खाकरला, पण पुन्हा हाक मारायचा धीर होईना.

"ऐकलं मी, बाबा," लेक म्हणाली. "कड वाकडी दुमडलीत, ती बघत होते."