सोपानरावांनी नाकारलेला चहा

पिंपरीच्या त्या कंदील-काचांच्या कारखान्यात अंतर्गत हिशेब तपासणीचं खातं म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि सोपानराव. माणूस स्वभावानं भित्रा. पण भित्र्या माणसाचं एक बरं असतं, तो नियम सोडत नाही. म्हणून १९५५ सालच्या त्या सोमवारी टपालात खरेदी मॅनेजर उद्धवरावांविरुद्ध बिनसहीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी आधी दाराला कडी लावली आणि मग ते दुसऱ्यांदा वाचलं.

पत्रात शिव्या नव्हत्या, हे पहिलं. निनावी पत्रं बहुतेक जळफळाटापोटी येतात आणि ती टोपलीत जातात. यात मात्र तपासून पाहता येईल असं लिहिलं होतं. काचा भरून गेलेल्या लाकडी पेट्या रिकाम्या परत येतात, भंगार म्हणून लिलावात कासारवाडीच्या वखारवाल्याला जातात आणि त्याच रंधा मारून, नव्या म्हणून, नव्याच्या भावानं पुन्हा कारखान्यात येतात. आतल्या तळाला जुन्या खिळ्यांची भोकं लाकडाच्या भुशानं बुजवलेली असतात. दर मागवले जातात तीन कंपन्यांकडून, पण तिघांचा मालक एकच. शेवटी एक ओळ होती, की उद्धवराव यात कमिशन खातात.

सोपानरावांनी पत्र आपल्या नोंदवहीत चढवलं, कुलुपात ठेवलं आणि ते थेट मोठ्या साहेबांकडे गेले. मॅनेजरविरुद्धचा मामला, वरची परवानगी हवीच. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तो सगळे विचारतात तोच.

"कुणी लिहिलंय हे?"

"ते शोधायचं नाही साहेब. लिहिलंय ते खरं की खोटं, एवढंच शोधायचं. आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहू द्या."

साहेबांनी मान हलवली. पण बाहेर पडताना सोपानरावांना एक गोष्ट टोचत होती. भोकांची ती ओळ. पेटी बाहेरून मोजून घेणाऱ्याला आतला तळ दिसतच नाही. तो दिसतो पेंढा अंथरणाऱ्या बायांना. रोजंदारीवरच्या तीन बाया, त्यांची मुकादम सोजराबाई. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिचा भाऊ शाळामास्तर होता. सोपानरावांना नको असताना उत्तर सापडलं होतं, आणि आता ते पोटातच ठेवायचं होतं.

कुणाला वास लागू नये म्हणून त्यांनी वार्षिक तपासणीचं निमित्त केलं. एकट्या पेट्यांच्या मागवल्या असत्या तर बोंब झाली असती, म्हणून वर्षभराच्या सगळ्याच खरेदीच्या फायली त्यांनी पहिल्या दिवशीच ताब्यात घेतल्या. सगळं कसं शहाण्यासारखं केलं. आणि माती खाल्ली ती चहापाशी.

खरेदी खात्यात शिरताच उद्धवरावांनी नेहमीसारखा चहा मागवला. दरवर्षी सोपानराव तो घेत. पण चौकशी ज्याची चालू आहे त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तो इतका हाडीमासी मुरलेला, की तोंडातून निघून गेलं, "नको, आज नको."

उद्धवरावांचा हात कपावरच थांबला. हसतमुख माणूस, गोरापान. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे सोपानरावांवरून हलेनात.

"वार्षिक तपासणी ना?" त्यांनी विचारलं.

"हो, वार्षिकच."

"बरं, बरं." चहाचा कप त्यांनी स्वतःच संपवला.

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर ज्योतीरामची बदली भट्टीवर झाली. स्टोअर उद्धवरावांच्याच हाताखाली, त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. ज्योतीराम पिंपळे गुरव गावचा. पन्नाशीचा, दम्याचा माणूस. भट्टीची धग त्याला जिवावरची होती. पेट्या मोजून घेणारा तोच, म्हणजे चुगली त्याचीच, असं उद्धवरावांनी गणित मांडलं होतं आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

सोपानरावांची झोप उडाली. थांबावं तर चोर सुटतो, सावकाश जावं तर हा बिचारा भाजतो. त्यांनी धावायचं ठरवलं. तिन्ही कंपन्यांचे पत्ते घेऊन ते कासारवाडीला गेले. पहिल्या पत्त्यावर वखार होती. दुसऱ्यावर म्हशींचा गोठा, आणि गोठ्याची मालकीण म्हणाली, "हितं कसली कंपनी? जागा वखारवाल्याची हाय." तिसऱ्या पत्त्यावर त्या वखारवाल्याचं राहतं घर. त्याची बायको उद्धवरावांची सख्खी बहीण निघाली. हे नातं उद्धवरावांनी कारखान्याला कधीच कळवलेलं नव्हतं.

परतल्यावर त्यांनी कुणा कामगाराला एक शब्द विचारला नाही. नुकत्याच आलेल्या मालातल्या पेट्या स्वतः निवडल्या, दोन इंजिनिअर साक्षीला घेतले आणि तळ उचकटवले. बहुतेकींत जुनी भोकं होती. पंचनामा केला, सह्या घेतल्या, पेट्या सीलबंद केल्या. अहवालात आता कुणाच्या जबानीची गरज उरली नव्हती.

संध्याकाळी ज्योतीराम फाटकाशी उभा होता. घामानं निथळत, धापा टाकत.

"साहेब, म्या न्हाई लिवलं. आईची आन. तुमास्नी ठावं आसंल कुनी लिवलं त्ये. नाव नका सांगू. ज्योतीराम न्हाई, एवढंच सांगा चार लोकांत."

सोपानरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. ज्योतीराम नाही म्हटलं, की उरतात कोण? पेंढा अंथरणाऱ्या तिघी. त्यांना काढायला हुकूमसुद्धा लागत नाही, उद्या येऊ नको म्हटलं की झालं.

"मला कुणाबद्दलच काही बोलता येत नाही, ज्योतीराम," ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना स्वतःलाच किळसवाणा वाटला.

उद्धवरावांना त्यांनी रीतीप्रमाणे बाजू मांडायची संधी दिली. उद्धवराव पेट्यांबद्दल वखारवाल्याला बोल लावत राहिले. बहिणीचं नाव निघताच मात्र त्यांचा चेहरा उतरला. उठताना खाली वाकून म्हणाले, "सोपानराव, त्या दमेकऱ्याला तुम्ही किती दिवस पुरणार?"

अहवाल चार पानांचा झाला. जुन्या पेट्या नव्या म्हणून घेतल्या, सिद्ध. तीन दर एकाच मालकाचे, सिद्ध. नातं लपवलं, सिद्ध. कमिशन खाल्लं, पुरावा नाही. तिथे त्यांनी एक अक्षर वाढवलं नाही. शेवटी लिहिलं, की चौकशीच्या काळात झालेली स्टोअरकीपरची बदली, तक्रार कुणीही केलेली असो, तत्काळ रद्द व्हावी.

मोठ्या साहेबांनी सगळं मान्य केलं. उद्धवराव निलंबित झाले. ज्योतीरामला स्टोअर परत मिळालं, त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत.

सोपानरावांना वाटलं, सुटलो. जेवणाच्या सुट्टीत ते कॅन्टीनमध्ये गेले. ज्योतीराम एका लांब बाकावर एकटाच बसला होता. दोन्ही बाजूंना जागा रिकामी, आणि माणसं मात्र भिंतीला टेकून उभी राहून जेवत होती. उद्धवरावांनी कामाला लावलेली माणसं कारखान्यात थोडी नव्हती.

सोपानराव जवळ गेले. ज्योतीरामनं वर पाहिलं. डब्याला हात लागलेला नव्हता.

"भट्टीवर व्हतो तवर निम्म्या लोकास्नी वाटायचं, म्या न्हाई," तो हळूच म्हणाला. "आता तुमी बोट धरून परत बशिवलं. आता समद्यांची खात्री झाली."

पलीकडे दाराशी सोजराबाई पेंढ्याचा भारा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचे ओठ काहीतरी बोलायला उघडले. सोपानरावांनी तिच्याकडे पाहून अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. ती भारा सावरत निघून गेली. ती हललेली मान ज्योतीरामनं पाहिली होती, तो सोपानरावांच्या तोंडाकडे बघतच राहिला.