सद्बुद्धी मिळो

मी स्वभावाने तापट. शाळेत पस्तीस वर्षं मुलं मला टरकून असायची. रिटायर झाल्यावर ऐकवायला कुणी उरलं नाही, म्हणून डोकं घरच्यांवर फिरायला लागलं. तेव्हा सायलीने, माझ्या लेकीने, मला नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये सकाळच्या मैत्री-ध्यानाला नेऊन बसवलं. शिकवणारे सुनील सर ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे. मला वाटलं, हा माणूस माझं काय करणार!

त्यांची पद्धत सोपी होती. आधी स्वतःसाठी मनात म्हणायचं, ‘मी सुखी राहो, सुरक्षित राहो, निरोगी राहो, शांत राहो.’ मग जिच्यामुळे आपलं भलं झालं अशी एखादी व्यक्ती. मग ओळखीचं पण ना प्रेमाचं ना रागाचं माणूस. मी आमचा इस्त्रीवाला घेतला, बिचाऱ्याचं नावही मला माहीत नव्हतं. त्यानंतर जिच्याबद्दल मनात अढी आहे ती व्यक्ती. शेवटी सगळे जीव.

“चौथ्या पायरीला सगळ्यात मोठा वैरी घेऊ नका,” सर म्हणाले. “थोडी खुपणारी व्यक्ती घ्या.”

मी ऐकलं नाही. मी सरळ लंकाताईंना घेतलं.

लंकाताई माझी थोरली जाऊ, सटाण्याला असते. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दशक्रियेला, सगळ्या भाऊबंदांसमोर ती म्हणाली होती, “तीन वर्षं आई अंथरुणावर होत्या. नाशिकची सून एक रात्र पण उशाला बसली नाय.” तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता सायलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकूला बोलावलं नाहीस तर मी हळदीला बसणार नाही, असं तिने मला बजावलं होतं. ताईंच्या नावाची लग्नपत्रिका कपाटात पडून होती.

त्या दिवशी सरांनी वाक्यं हळू आवाजात म्हणायला सांगितली. मी मोठ्या भक्तिभावाने म्हटलं, “लंकाताईंना सद्बुद्धी मिळो.”

शेजारच्या बाई फिसकन हसल्या. सर हसले नाहीत.

“चंद्रभागाताई, सद्बुद्धी मिळो म्हणजे तिची बुद्धी वाईट आहे, हा निकाल आधीच देऊन टाकला. ही शुभेच्छा नाही, शेरा आहे.”

पस्तीस वर्षं वह्यांवर शेरे मारणारी मी. कानशिलं तापली. सगळ्यांसमोर अशी पकडली गेल्याची लाज वाटली, आणि उलट लंकाताईंवरच राग आला. छातीत गच्च दाटून आलं.

“राग आला का?” सरांनी विचारलं. मी मान हलवली. “येऊ दे, त्याच्याशी भांडू नका. तो शरीरात कुठे जाणवतो ते बघा. जोर वाढला तर तिला सोडून स्वतःकडे या, नाहीतर जिच्यावर जीव आहे तिच्याकडे जा. मन जरा मऊ झालं की परत या. नाही जमलं तर आज तिला राहू द्या. आणि तिची एक तरी चांगली गोष्ट आठवून बघा. तिचं वागणं बरोबर होतं, असं म्हणायची सक्ती नाही.”

मी सायलीकडे गेले. तिच्यासाठी चारही वाक्यं म्हटली. छाती सैल झाली. मग परत लंकाताईंकडे. चांगली गोष्ट शोधायला लागले आणि लगेच सापडली, कारण ती मला कायमच माहीत होती. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. ताई दिवसातून तीन वेळा त्यांची कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची. मी फोनवर विचारायचे, “बऱ्या आहेत ना?” आणि तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत परीक्षेचं काम आहे म्हणून फोन ठेवायचे. मे महिन्याची सुट्टीसुद्धा मी नाशिकलाच काढली होती.

सहा वर्षं मी तिच्यावर रागावले ती खोटं बोलली म्हणून नव्हे. ती खरं बोलली म्हणून. हे मला त्या हॉलमध्ये, डोळे मिटून, मांडी घालून बसलेली असताना कळलं, आणि डोळे उघडावेत कसे तेच कळेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘लंकाताई सुखी राहो,’ मी म्हटलं. 

घरी येऊन फोन लावला. “ताई, मी चंद्रा.”

कपाटातली पत्रिका मी हातातच धरली होती.

“सायलीचं लग्न आहे. तुम्ही यायलाच पाहिजे,” मी म्हटलं, आणि तिथेच थांबू शकले असते. “आणि ताई, तुम्ही तेव्हा बोललात ते खरं होतं. मी आले नाही. मला यायचं नव्हतं.”

“लोकांसमोर नव्हतं बोलायला पाहिजे मी,” ती म्हणाली. “पण मलाही तुझ्यापायी रोज खोटं बोलावं लागायचं ना. आई सारख्या विचारायच्या, चंद्रा कधी येती? मी सांगायचे, रविवारी येती. तीन वर्षं सांगितलं.”

मी नुसती रडत राहिले.

“रडू नको,” ती म्हणाली. “पत्रिका घेऊन रविवारी ये. यावेळी खरंच ये.”