चढता हप्ता

वाल्मीक सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात त्यानं इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कर्ज तीन लाखांचं, व्याज तेरा टक्के, मुदत पंधरा वर्षांची. पंधरा वर्षं त्याला फार वाटली. पण बँकेतल्या धनराजनं सांगितलं, "पगार वाढेल तसा दरसाल हप्ता दहा टक्क्यांनी वाढवा. जास्तीचं सगळं मुद्दलात जाईल. आठ वर्षांच्या आत मोकळे व्हाल."

लेक वेदिका तेव्हा चौथीत. ती बारावी होईपर्यंत घर मोकळं झालं, तर पुढं कॉलेजला पैसा उरेल. हे त्याच्या मनात पक्कं बसलं. दर एप्रिलात तो इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत अर्ज द्यायला जायचा. तीन हजार सातशे शहाण्णवचा हप्ता पाच वर्षांत साडेपाच हजारांवर गेला. मधे वेतनकरार अडला, ओव्हरटाइम बंद झाला, दोन वर्षं पगार जागचा हलला नाही. वाल्मीकनं हप्ता मात्र चढताच ठेवला. आज ना उद्या करार होईल, फरक मिळेल, असं तो धरून चालला. घर कसं चालतं, हे त्यानं बायकोला, ज्योत्स्नाला, विचारलं नाही.

दोन हजार तीनच्या मार्चात, एका रविवारी, गल्लीत भिशी चालवणाऱ्या गोजराबाई दारात आल्या.

"ज्योत्स्ना, या महिन्याचे तीनशे चाळीस राहिले गं."

"कसले तीनशे चाळीस?" वाल्मीकनं विचारलं.

"अगं बाई, दादांना ठाऊक नाही व्हय? सतरा हजारांचं व्याज. शेकडा दोन."

त्या गेल्यावर वाल्मीक म्हणाला, "महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के! तेरा टक्क्यांचं फेडायला चोवीसचं घेतलंस?"

"मी कुठं फेडलं? फेडलंत तुम्ही. मी किराणा भरला, पोरीची फी भरली."

"सांगायचं होतंस."

"कधी? एप्रिलात की काय? एप्रिलात तर तुम्ही नवरदेवासारखे निघता."

वाल्मीकला हसू आलं नाही. पगार अडलेल्या दोन वर्षांत हप्त्यावर जेवढं जास्तीचं चढवलं, त्याची बेरीज त्यानं मनातच केली. सतरा हजारांच्या आसपासच आली.

सोमवारी सुट्टी टाकून तो बँकेत गेला. धनराजनं ड्रॉवरमधून अर्ज काढला. "या वर्षी सहा हजार एकशे चौदा ना, वाल्मीकराव?"

"नाही. कमी करता येतो का?"

"येतो की. करारातला हप्ता तीन हजार सातशे शहाण्णवच. वरचं सगळं तुमच्या खुशीचं. कधीही थांबवता आलं असतं."

'खुशीचं' हा शब्द वाल्मीकला फार लागला.

"वर्षभर मूळ हप्ताच घ्या," तो म्हणाला. "वाचलेल्यात बाहेरचं एक देणं फेडतो. मग पुन्हा साडेपाच हजारांवर येतो."

धनराजनं कॅल्क्युलेटर बडवला. "मग सव्वा वर्ष पुढं जाईल. दोन हजार सहाच्या सुरुवातीला संपणारं कर्ज दोन हजार सातच्या मध्यावर."

म्हणजे वेदिकाच्या कॉलेजचं पहिलं वर्ष हप्ता भरताभरताच जाणार. वाल्मीकनं अर्जावर आकडा लिहिला, सही केली.

घरी ज्योत्स्नानं विचारलं, "काय म्हणाले?"

"पैसे वाचतील. दर महिन्याला साडेसतराशे." तो चपला न काढताच बसला. "तू गोजराबाईंना सांग, वर्षात फिटेल. आणि वेदिकाला मी सांगतो."

"काय सांगणार?"

"घर मोकळं व्हायला तिच्या कॉलेजचं पहिलं वर्ष उलटेल, हे." वाल्मीकनं वाकून चपला काढल्या.