एक नंबरची साडी

मोबाइल स्टँडवर चढवून, गोल दिवा लावून ताईने साडीविक्रीचं लाइव्ह सुरू केलं. एक नंबरच्या साडीचा पदर, काठ, उलटी बाजू सावकाश दाखवली. "एकच नग आहे हं! जी आधी कमेंटमध्ये नंबर लिहील तिची!"

कुणी लिहिना. पहिली ऑर्डर पडल्याशिवाय बायका हात सैल करत नाहीत, म्हणून आई दर वेळी घरबसल्या खोटंच 'एक नंबर बुक' लिहायची. साडी मुकाट गठ्ठ्यात परत जायची. आईला जाऊन महिना झाला होता.

तेवढ्यात आईच्याच नावाने कमेंट आली, 'एक नंबर बुक.' वहीत ऑर्डरी उतरवणारी वहिनी दचकली.

खाली दुसरी आली, 'मी बाबा. तिने एवढ्या साड्या घेतल्या, कपाटात एकही सापडली नाही गं. ही तरी पाठव.'