जोडीचा नारळ

साखराबाईंनी रोहिणीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. साखराबाई म्हणजे तिच्या सासूबाईंची, नीलाबाईंची धाकटी बहीण, धारूरला दिलेली. "आमची अक्का भांडली तर भिऊ नको. गप बसली की मातर बघत जा. सगळं सोताच्या जिवावर घेती ती."

"मावशी, त्या गप बसल्या तर तेवढंच घर शांत," असं म्हणून रोहिणीनं ते हसण्यावारी नेलं होतं.

यंदा तिच्या दोन वर्षांच्या कावेरीला तापात झटका आला. पोर बरी झाली, डॉक्टरांनीही घाबरू नका म्हणून सांगितलं; पण रोहिणीचा हात दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाकडं जायचाच. नीलाबाईंनी कपिलधारच्या देवाला पुरणाचा नैवेद्य आणि नारळ असा नवस बोलला होता. तो फेडायचा दिवस ठरला.

पहाटे नीलाबाईंनी मधुमेहाची गोळी घेतली आणि चुलीपुढं बसल्या. नैवेद्य दाखवून झाला की जेवायचं, हा त्यांचा नेम. पुरण झालं, कटाची आमटी उकळली, भात उतरला. मग एकाएकी त्यांचं बोलणं थांबलं. रोहिणी कावेरीला स्वेटर घालत होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

वाटेत मांजरसुंब्याला रोहिणीच्या नवऱ्यानं, श्रीशैलनं, गाडी थांबवली. नारळ नीलाबाईंनीच निवडले. शेंडी भरदार, वजन हाताला लागणारं, कवटी कुठं तडकलेली नाही. एकेक कानाशी धरून हलवूनही पाहिला, पण बाजूनं ट्रकची रीघ. आतलं पाणी वाजलं की नाही कुणास ठाऊक.

"शेंडी काढून डोळे बघा ना," रोहिणी म्हणाली.

"देवाचा नारळ हाय. शेंडी फोडतानाच काढायची. जोडीला एक जादा घे."

देवळात नीलाबाईंनी पाण्यानं चौकोन काढला, त्यावर ताट ठेवलं, पदार्थांवर बेलाचं पान ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं. कडेला वाटीत खडीसाखर होती. श्रीशैल नारळ घेऊन बाहेरच्या दगडाशी गेला. शेंडी काढली, पाणी शिंपडलं आणि दोन घावांत नारळ फोडला.

घाण वास सुटला. खोबरं काळपट, बुळबुळीत, पाणी गढूळ. कवटीचा एक डोळा ओला, मऊ पडलेला होता. शेंडीखाली तो झाकून गेला होता.

रोहिणीनं कावेरीला छातीशी धरलं. शिकलेलं सगळं त्या वासापुढं क्षणभर टिकलं नाही.

नीलाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "देवापुढं नेऊ नको तो. पोरीचा हात लागू देऊ नको. तिकडं झाडाखाली खड्डा करून पूर. हात धू, दगड धू, दुसरा फोड."

दुसरा पांढराशुभ्र निघाला. खोबऱ्याची एक वाटी देवापुढं ठेवली, उरलेल्याचा प्रसाद वाटला. श्रीशैलनं सुटकेचा श्वास टाकला. "झालं की, आई. चला जेवायला."

"तुमी जेवा. मला भूक न्हाई."

नीलाबाई देवळाजवळच्या धबधब्याच्या बाजूला पायरीवर जाऊन बसल्या. रोहिणी पोरीला भात भरवत होती, पुन्हा कपाळ बघत होती. घास हातातच राहिला आणि साखराबाईंचे शब्द कानात आले. तिनं मान वळवली. गारव्यातही नीलाबाईंचं कपाळ घामानं डबडबलं होतं. पदर धरलेला हात थरथरत होता.

ती धावली. "आत्या, सकाळपासून काही खाल्लं का?"

"उपास धरलाय. पोरीसाठी." जीभ जड झाली होती. "सकाळी सवयीनं आमटीचं मीठ चाखून बघितलं. उष्टा नैवेद्य आणला मी. म्हणून नासला नारळ. पोरीवर येऊ नये..."

"नारळ डोळ्यातून ओल शिरून नासला. चाखण्याच्या कितीतरी आधी," रोहिणी म्हणाली.

नीलाबाईंनी मान हलवली. पोटात गोळी होती, अन्न नव्हतं; साखर उतरली होती. समजावत बसायला वेळ नव्हता. रोहिणीनं देवापुढची खडीसाखरेची वाटी आणली, खडे ओंजळीत धरले.

"खाऊ नका. पण हा प्रसाद आहे. नको म्हणता का त्याला?"

नीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग हात जोडले आणि तोंड उघडलं. रोहिणीनं खडे चावायला लावले, वरून डब्यातला गूळ पाण्यात कालवून घोटाघोटानं पाजला. हाताची थरथर हळूहळू ओसरली. तेव्हा तिनं पुरणपोळीचा तुकडा पुढं केला.

"हा बी प्रसादच का?" नीलाबाईंनी विचारलं.

"आज सगळाच."

"लई शिकलीस," त्या म्हणाल्या आणि खाऊ लागल्या. कावेरी येऊन आजीच्या मांडीवर बसली. रोहिणीनं आज प्रथमच पोरीच्या आधी दुसऱ्या कुणाचं कपाळ पुसलं.

तुमच्याही घरी कधी नारळ नासका निघेल. तो पुरा, हात धुवा, दुसरा फोडा. एवढं सगळं करून झालं की मग घरातलं कोण गप बसलंय ते बघा. उठून तिच्याजवळ जा. ती जेवली का, एवढं विचारून या.