धवलारणीचा अंगठा

"वाच गो बाय," धोंडुबाई म्हणाली. "पन सावकाश. न ऐकलेल्या कागदावर मी अंगठा मारीत नाय."

पेणच्या दवाखान्यात दुपारी छाती धरून आलेली ही बाई आता खाटेवर मांडी घालून बसली होती. छातीला तारा, दंडाला पट्टा, हाताला सकाळची हळद. गावातल्या हळदी-लग्नांत धवले गाणारी ती धवलारीण. तिने धवला म्हटल्याशिवाय खाडीकाठच्या मांडवात नवरी पुढे पाऊल टाकत नाही. उद्या रोह्याकडे लग्न होतं आणि नवरी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, पिंकी. पदराची गाठ सुटली तरी चालेल, धवला सुटता कामा नये, असा तिचा हट्ट. म्हणून तिला घरी जायचं होतं. आत्ताच.

डॉक्टर प्रतिक्षा कागद घेऊन स्टुलावर टेकली. धोंडुबाईचा मुलगा निलेश पुढे झाला. "द्या, मी सही करतो."

"तुमची नाही चालणार. आई शुद्धीवर आहेत, बोलतायत, त्यांना सगळं कळतंय. निर्णय त्यांचा, अंगठाही त्यांचाच. तुम्ही साक्षीदार."

"बघ," धोंडुबाई मुलाला म्हणाली, "मना अक्कल हाय, डाक्टरीन सांगतेय."

प्रतिक्षाने वाचलं. 'मला हृदयविकाराचा झटका आल्याचे, दाखल राहण्याची गरज असल्याचे व घरी गेल्यास होणारे धोके मला समजणाऱ्या भाषेत सांगितले आहेत. ठोके बिघडू शकतात, पुन्हा झटका येऊ शकतो, मृत्यूही होऊ शकतो. अलिबागला मोठ्या दवाखान्यात हलवण्याचा पर्यायही सांगितला. तरीही वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध मी स्वतःच्या मर्जीने उपचार नाकारत आहे.'

"तो शबुद काढ," धोंडुबाई म्हणाली.

"कुठला?"

"तोच. हळदीच्या हातानं त्याला शिवायचं नाय."

"तो धोका खरा आहे, आजी. खोडला तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल."

"मंग अंगठा नाय."

"नका देऊ. तुम्हाला कोंडून ठेवणार नाही. अंगठा नाकारला असं लिहीन, साक्षीदाराची सही घेईन, घरी घ्यायच्या गोळ्या लिहून देईन. आणि कधीही परत या, दार उघडंच आहे."

एवढ्या सहजी सुटका होईल असं धोंडुबाईला वाटलं नव्हतं. भांडायला काही उरलंच नाही, त्यामुळे ती जरा हिरमुसली.

"फक्त एक करा," प्रतिक्षा म्हणाली. "काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी तसंच लिहिते."

"माज्या शबदांत?" म्हातारीचे डोळे लकाकले. "माजे शबुद चालीत असतात."

आणि ती हलक्या आवाजात गाऊ लागली:

"पयला गो धोका, ठोक्याचा ताल चुकंल,
दुसरा गो धोका, झटका परत उठंल…"

पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स सलाइनची बाटली हातात धरून तशीच थांबली. प्रतिक्षा दोन्ही ओळी लिहून घेत होती.

"तिसरा गो धोका…" धोंडुबाई अडली. तो शब्द धवल्यात बसत नव्हता. "वाटंत… मांडवात…"

"काय होईल मांडवात, आये?" सून सरूने पायाशी बसूनच विचारलं. पाच वर्षं ती सासूच्या मागे धवले शिकत होती आणि पाच वर्षं सासू म्हणत होती, अजून कच्ची आहेस. "तुमी भोवऱ्यासारख्या गरगरून पडाल, अक्षता हातातच ऱ्हातील, बँड थांबंल. पिंकी जल्मभर म्हनंल, माज्या लग्नात…"

"गप गो! जीभ हाय का कोयता?"

पण अडलेली तिसरी ओळ सासूला आता सापडली होती. आता ती चालीशिवायच म्हणाली. "डाक्टरीन, तुजा कागद अर्धा हाय. माजाच धोका लिवलास. पोरीचा नाय लिवलास."

"लिहू?"

"लिव. मी पडले तर पिंकीच्या मांडवात रडारड व्हईल."

प्रतिक्षाने तेच लिहिलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. "आता अंगठा."

धोंडुबाईने हळदीच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. अंगठा मुठीत लपवला.

"ह्याच्याखाली? मी काय वैरीण हाय का पोरीची?"

"मग राहता?"

"ऱ्हाते. पन सरू, हिकडं ये. पयला धवला म्हन."

सरूने म्हटला. दुसऱ्याच ओळीत चाल घसरली.

"कच्ची," सासू म्हणाली. "पन जा. मधी अडलीस तर फोन लाव, मी हळूच सांगन."

"हळूच," डॉक्टरने बजावलं. "गायचं नाही."

"गात नाय. सांगते."

प्रतिक्षाने कागदावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं: रुग्ण राहण्यास तयार. धोंडुबाई तिच्या खांद्यावरून बघत होती.

"ऱ्हायचाबी कागद असंल ना?"

"आहे."

"मंग वाच गो बाय. पन सावकाश."