फाटकातून आत, फाटकातून बाहेर

माझ्या नवऱ्याला गोदामातलं एक खोकं इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. तो स्टोअरकीपर आहे. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, हे तीन शब्द त्याच्या तोंडून मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. घरातली साखर संपत आली तरी तो डब्यात डोकावून विचारतो, शेवटची आवक कधीची? असा माणूस ॲपवर सामन्यांच्या पैजा लावतो, हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. तो मात्र अगदी निवांत होता.

"मी फायद्यात आहे," तो म्हणाला. "उगाच ओरडू नकोस."

ओरडण्याची तशी मुभा होती, कारण घरातल्या तिसऱ्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. सासूबाईंना दोन वर्षांपासून ऐकायला फार कमी येत होतं. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागायची, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत सांगणाऱ्यालाच तिचा कंटाळा आलेला असायचा. म्हणून हळूहळू आम्ही त्यांना सांगणंच कमी केलं होतं. मला त्याची लाज वाटते. त्यांच्या दोन्ही कानांच्या मशीनसाठी मी लाँड्रीच्या काउंटरवरच्या माझ्या पगारातून आणि तो त्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत होतो. बावन्न हजार जमले होते. आणि या माणसाला ते रविवारच्या अंतिम सामन्यावर लावायचे होते.

"एका दिवसात दुप्पट," तो म्हणाला. "आईला सगळ्यात भारी मशीन घेऊ."

माझा राग नाकावरच असतो, पण त्या दिवशी मी तो गिळला. म्हटलं, "ठीक आहे. आधी हिशेब दाखव. खरंच फायद्यात असशील तर मी अडवणार नाही."

त्याला हे फारच आवडलं. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला. सासूबाई खिडकीपाशी निघालेलं बटण शिवत होत्या. तासाभरात त्याने एक्सेलमध्ये शीट तयार केलं आणि माझ्याकडे वळवलं. ॲपमधल्या जिंकलेल्या पैजा ओळीने लिहिलेल्या, खाली हिरव्या रंगात बेरीज. आकडा बघून कोणालाही वाटावं, नोकरी सोडून द्यावी.

मी लाँड्रीवाली, मला सामन्यातलं काही कळत नाही. पण पहिल्याच ओळीवर माझं बोट थांबलं. "हे नऊशे कसले?"

"पाचशे लावले होते, नऊशे आले."

"मग त्यातले पाचशे आपलेच ना? जिंकलास चारशे."

"बरं, तेवढं कमी करतो."

"आणि हरलेल्या पैजा कुठे आहेत?"

"त्यातल्या बऱ्याचशा जिंकलेल्या पैशांतून लावल्या होत्या. काही बोनसमधून. ते ॲपचेच पैसे, आपले कुठे गेले?"

आता मात्र मला राहवलं नाही. "तुझ्या गोदामात या रॅकवरचं खोकं त्या रॅकवर ठेवलं, तर तू आवक धरतोस?"

"वेडी आहेस का? माल फाटकातून आत आला तर आवक, बाहेर गेला तर जावक. आतल्या आत कितीही फिरवा, त्याचा..."

वाक्य अर्धंच राहिलं. हे वाक्य त्याने नव्या हमालांना शंभरदा ऐकवलेलं आहे, मलाही. त्याने शीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी त्याची फार दया आली, आणि ती दाखवायची नाही एवढी अक्कल मला होती.

त्याने नवं शीट उघडलं. तारीख, भरले, काढले, एवढेच रकाने. ॲप बंद केलं आणि बँकेचं स्टेटमेंट उघडलं. बँकेतून ॲपमध्ये गेलेली प्रत्येक रक्कम 'भरले'मध्ये, ॲपमधून बँकेत परत आलेली 'काढले'मध्ये. जिंकणं, हरणं, बोनस, काहीच नाही. मी स्टेटमेंट वाचत होते, तो टाइप करत होता. मध्येच म्हणाला, "फोनच्या वॉलेटमधूनही भरायचो." मी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःच वॉलेट उघडून त्याही ओळी घातल्या. तेव्हाच मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस अजून हातातून गेलेला नाही.

अकरा महिन्यांत भरले होते एक लाख शहाऐंशी हजार पाचशे. काढले होते एकाहत्तर हजार दोनशे. ॲपमध्ये शिल्लक तीन हजार तीनशे पन्नास. भरलेल्यातून बाकीचे दोन्ही वजा केले.

एक लाख अकरा हजार नऊशे पन्नास.

"महिन्याला दहा हजारांच्या वर," तो म्हणाला. सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"भरून काढायला हवेत," तो पुटपुटला. म्हणजे पुन्हा पैज, तीही उद्याच्याच सामन्यावर. मी त्याला महिन्यांप्रमाणे बेरजा लावायला सांगितल्या. खरं तर मला फक्त वेळ काढायचा होता. पण त्या बेरजांनीच काम केलं. एका महिन्यात त्याने अठरा हजार काढले होते. तो महिना मला आठवतो, स्वारी हवेत होती, मला चपला घेऊन दिल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्याने पंचवीस हजार भरले होते. भरून काढायचा प्रयत्न शीटमध्ये आधीच दोन-तीनदा होऊन गेला होता. दर वेळी 'भरले'चा रकानाच फुगला होता.

"मशीनच्या पैशांना हात लावत नाही," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

त्याने शिल्लक काढून घेतली. ती 'काढले'मध्ये गेली, ॲपमधली शिल्लक शून्य झाली, तोटा होता तेवढाच राहिला. मग खातं कायमचं बंद करायची विनंती पाठवली, आणि सोमवारी बँकेत जाऊन अशा ॲपना पैसे जाणंच बंद करून घेतलं. रविवारी सामना सुरू असताना आम्ही दोघांनी पंखे पुसले. तो स्टुलावर चढून एवढे घासत होता की पात्यांचा रंग जाईल असं वाटलं.

सगळं सरळ झालं असं नाही. पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. शीटमध्ये नवी ओळ होती: भरले, पाचशे. दुसरंच कुठलं तरी ॲप, पैसे वॉलेटमधून. काढले, शून्य. एकूण एक लाख बारा हजार चारशे पन्नास.

"गेले," तो म्हणाला. "पण लिहिलेत."

मी त्याला खूप बोलले. मग वॉलेट काढून टाकायला लावलं, चहा केला, आणि तोही खूप गोड झाला. त्यानंतर शीटमध्ये ओळ आलेली नाही. तो दर शनिवारी उघडून बघतो, मीही बघते.

मग मशीन आलं. सासूबाई ते कानांत बसवून घरी आल्या त्या पंख्याकडे बघत, नळाकडे बघत. मी भांडी आपटते हे त्यांना त्या दिवशी कळलं. तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून टिंग असा आवाज आला.

"हा कसला रे आवाज?" त्यांनी विचारलं.

त्याने फोन उचलला. कुठल्याशा ॲपचा मेसेज होता, फुकट बोनस. त्याला काहीही सांगता आलं असतं, बँकेचा आहे, ऑफिसचा आहे. त्याने मेसेज पुसला, नंबर ब्लॉक केला आणि आईसमोर खुर्ची ओढून बसला. नेहमीच्या आवाजात, एकदाही न ओरडता, त्याने सगळं सांगितलं.

"किती गेले?" सासूबाई म्हणाल्या.

"एक लाख बारा हजार चारशे पन्नास." त्याने वरचे चारशे पन्नाससुद्धा सोडले नाहीत.

सासूबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगावं लागणार नाही असं कर."